इंडिकेटर घाईने लुकलुकू लागला, तर रिलेच्या आधी बल्ब पाहा

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील आपला बहुतेक व्यापारी चाकांवर पोट भरतो. कोणी आठवडी बाजारात कापड नेतो, कोणी भांडी, कोणी चपला. कारागीर असेल तर वेल्डिंगचे सामान किंवा शिलाई मशीन टेम्पोत घालून गावोगाव फिरतो. गाडीचे इंजिन बिघडले की आपण ताबडतोब धाव घेतो, कारण गाडी थांबली की धंदा थांबतो. इंडिकेटरचे तसे नाही. तो बिघडला तरी गाडी चालतच राहते. म्हणून त्याच्या एका विशिष्ट तक्रारीकडे आपण सर्रास दुर्लक्ष करतो, किंवा उगाच पैसे घालवून चुकीचा भाग बदलतो. ती तक्रार अशी की एरवी "टक्... टक्... टक्" असा सावकाश चालणारा इंडिकेटर एके दिवशी अचानक "टकटकटकटक" अशा दुप्पट घाईने लुकलुकू लागतो.

पुष्कळ ड्रायव्हर म्हणतात, "चालतोय ना, चालू द्या." काही तर म्हणतात की जलद लुकलुकतो म्हणजे मागच्याला अधिक चांगले दिसत असेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आपल्या डॅशबोर्डवरचा बाण जेव्हा घाई करतो, तेव्हा बाहेरचा एखादा दिवा बहुधा पेटतच नसतो, किंवा पेटून न पेटल्यासारखा असतो. आणि तो दिवा अनेकदा मागचा असतो, कारण मालाच्या चढ-उतारात, चिखलात आणि हादऱ्यांत मागच्याच दिव्यांचे अधिक हाल होतात. म्हणजे पुढे बसलेल्या ड्रायव्हरला वाटते की मी वळण्याचा इशारा दिला, आणि मागून येणाऱ्याला काहीही दिसलेले नसते.

आपल्या भागात याची किंमत मोठी आहे. चामोर्शी, आष्टी, आलापल्लीच्या बाजूला सुरजागडच्या लोहखनिजाचे अवजड ट्रक धावतात, तर चंद्रपूर-बल्लारपूर-राजुऱ्याच्या बाजूला कोळशाचे. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर दिव्याचे खांब नाहीत. गावाकडे फुटणारा फाटा झाडीत लपलेला असतो, आणि तेथे वळणाऱ्या लहान गाडीचा इंडिकेटर हीच मागच्या ट्रकवाल्यासाठी एकमेव खूण असते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०२ याच विषयाचा आहे. त्यानुसार वळणाच्या दिव्याचा रंग नारिंगी असावा आणि त्याने मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही व १२० पेक्षा जास्त नाही इतक्या वेळा लुकलुकावे. घड्याळ लावून १५ सेकंद मोजा. १५ ते ३० च्या दरम्यान उघडझाप झाली तर ठीक. ३० च्या वर गेली तर गाडी आपणास काहीतरी सांगत आहे असे समजावे.

ती काय सांगते, हे समजण्यासाठी थोडा हिशेब पाहू. तो दुकानाच्या हिशेबाहून कठीण नाही. इंडिकेटर चालवणारा एक छोटा डबा असतो. त्याला आपल्याकडे फ्लॅशर किंवा फ्लॅशर रिले म्हणतात. बॅटरीचा करंट या डब्यातून जातो, डबा तो जोडतो आणि तोडतो, म्हणून दिवा पेटतो व विझतो. चार चाकी लहान गाडीत सर्वसाधारणपणे एका बाजूला पुढे एक आणि मागे एक असे २१ वॅटचे दोन बल्ब असतात. वॅटला बॅटरीच्या व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. २१ भागिले १२ म्हणजे पावणेदोन अँपिअर. दोन बल्बचे मिळून साडेतीन. काही गाड्यांत मडगार्डवर ५ वॅटचा एक लहान दिवाही असतो, त्याचे अर्ध्या अँपिअरहून कमी. तेव्हा एका बाजूचा ठरलेला खप साडेतीन अँपिअरच्या आसपास, असे धरून चालावे.

आजच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरच्या आत एक छोटीशी पट्टी किंवा तार असते. सगळा करंट तिच्यातून जातो आणि आतील सर्किट तिच्यावरून किती करंट गेला हे सतत मोजत असते. गोदामाच्या दारात बसून थान मोजणाऱ्या मुनिमासारखेच हे काम आहे. साडेतीन अँपिअर गेले तर हिशेब जुळला, सावकाश लुकलुका. पावणेदोनच गेले तर एक बल्ब पेटलेला नाही, वेग दुप्पट करा म्हणजे मालकाचे लक्ष जाईल. हा वेग मुद्दाम ठेवलेला आहे. बनवणाऱ्याने ड्रायव्हरला दिलेली ती वर्दी आहे. फ्लॅशर बिघडला म्हणून घाई होते असे आपण समजतो, पण बहुतेक वेळा फ्लॅशर चोख काम करीत असतो म्हणूनच घाई होते.

येथे एक गोष्ट वेगळी काढून सांगितली पाहिजे. जुन्या गाड्यांत गोल डबीचा फ्लॅशर असे, ज्यात करंटने पत्री तापून वाकते आणि जोड तुटतो. त्यात करंट कमी झाला की पत्री पुरेशी तापत नाही. त्यामुळे एक बल्ब उडाल्यावर इंडिकेटर बहुधा घाई करण्याऐवजी मंद होतो किंवा पेटून तसाच राहतो. म्हणून जुन्या गाडीच्या उस्तादाने "बल्ब गेला की इंडिकेटर स्लो होतो" असे सांगितले तर त्याचा तजुर्बा खोटा नाही, तो दुसऱ्या जातीच्या फ्लॅशरचा आहे. दोन्ही ठिकाणी मूळ कारण एकच, त्या बाजूचा करंट कमी झाला.

आता तपासणी. खिशातून एक पैसा खर्च न करता पहिली अर्धी उकल होते. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करावी. आधी डावा इंडिकेटर द्यावा, मग उजवा. घाई फक्त एकाच बाजूला असेल तर दोष त्या बाजूच्या बल्बमध्ये, होल्डरमध्ये किंवा वायरमध्ये आहे. फ्लॅशर दोन्ही बाजूंना एकच असतो. तो एका बाजूला शहाणा आणि दुसऱ्या बाजूला वेडा असे सहसा होत नाही. घाई दोन्ही बाजूंना असेल तर मात्र फ्लॅशरवर संशय घ्यायला जागा आहे. त्यानंतर हॅझर्ड, म्हणजे चारही दिवे एकदम लुकलुकवणारे बटण दाबावे. चार बल्ब मिळून सात अँपिअर होतात. त्यातला एक गेलेला असला तरी सव्वापाच उरतात, आणि ते फ्लॅशरला पुरेसे वाटतात. म्हणून बऱ्याच गाड्यांत एक बाजू घाई करते, पण हॅझर्ड सावकाश चालतो. असे दिसले तर फ्लॅशर ठीक आहे याची ती जवळजवळ पावतीच समजावी. मात्र याच कारणाने हॅझर्ड नीट चालतो म्हणून सगळे बल्ब नीट आहेत, असा उलटा अर्थ काढू नये. हॅझर्ड चालू ठेवून खाली उतरावे आणि चारही दिवे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावेत. संध्याकाळी भिंतीजवळ गाडी लावून पाहिल्यास एक दिवा दुसऱ्याहून फिका आहे का, हेही कळते.

हा फिकेपणाचा मुद्दा मी मुद्दाम लावून धरतो, कारण बल्ब पूर्ण उडाला असेल तर तो कोणीही ओळखेल. काच काळवंडलेली किंवा रुपेरी झालेली दिसते, आतली तार तुटलेली असते, हलवले की बारीक खुळखुळ ऐकू येते. कधीकधी तुटलेल्या तारेची टोके हादऱ्याने एकमेकांना टेकतात. मग डांबरी रस्त्यावर दिवा लागतो आणि कच्च्या रस्त्यावर जातो. तेही काचेतून पाहिल्यावर सापडते. खरी दिशाभूल होते ती पेटणाऱ्या, पण चुकीच्या बल्बमुळे. आमच्या मालाच्या पिकअपवर गेल्या पावसाळ्यात हेच घडले. ती हकीकत तपशिलाने सांगतो.

गाडी कापडाचे गठ्ठे घेऊन चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी मार्गे आष्टी आणि पुढे आलापल्लीकडे जाते. एका फेरीत डावा इंडिकेटर घाई करू लागला. ड्रायव्हर समंजस, त्याने वाटेतच पाहिले तर मागचा डावा बल्ब उडालेला. रस्त्याकडेच्या एका दुकानातून बल्ब घेतला, बसवला, दिवा लागला. पण घाई गेली नाही. म्हणजे अगदी गेली नाही असेही नाही. कधी चार-पाच वेळा सावकाश लुकलुके, मग पुन्हा टकटक सुरू होई. दुसऱ्या फेरीत एका मिस्त्रीने सांगितले, "फ्लॅशर वीक झाला आहे." नवा फ्लॅशर टाकला. बल्बच्या किमतीच्या कित्येक पट पैसे गेले, आणि इंडिकेटर होता तसाच राहिला. मिस्त्रीचे म्हणणे पडले की आता सगळी वायरिंग काढावी लागेल.

वायरिंग काढण्याआधी गाडी चंद्रपूरला ऑटो इलेक्ट्रिकचे काम करणाऱ्या एका बुजुर्ग कारागिराकडे नेली. त्यांनी स्क्रू काढायला हात लावला नाही. फ्लॅशर सॉकेटमधून ओढून काढला. त्याला तीन पाय होते, बी, एल आणि ई. काही फ्लॅशरवर यांच्याऐवजी ४९, ४९ए आणि ३१ असे आकडे असतात. पहिल्यातून बॅटरीचा करंट येतो, दुसऱ्यातून दिव्यांकडे जातो, तिसरा अर्थ. त्यांनी मीटर १० अँपिअरवर लावले आणि त्याच्या दोन सळ्या सॉकेटच्या बी आणि एल या खाचांत घातल्या. म्हणजे फ्लॅशरच्या जागी मीटरच बसले. इंडिकेटरची दांडी उजवीकडे दिली. उजवे दोन्ही दिवे न लुकलुकता स्थिर पेटले आणि मीटरने साडेतीन दाखवले. दांडी डावीकडे दिली. दोन्ही दिवे पेटले, पण मीटर अडीचच्या आतच थांबले.

"शेठ, फ्लॅशर जुनाही चांगला होता आणि नवाही चांगला आहे," ते म्हणाले. "डाव्या बाजूला माल कमी भरला आहे."

मागची लेन्स उघडली. बल्ब फिरवून काढला आणि त्याच्या पितळी बुडावरची अक्षरे डोळ्यांजवळ नेऊन वाचली. १२ व्होल्ट, १० वॅट. तो दुचाकीच्या इंडिकेटरचा बल्ब होता. येथेच सगळी गोम आहे. आपल्याकडच्या बहुतेक दुचाकींच्या इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब, नंबर प्लेट किंवा पार्किंगसाठी येणारा ५ वॅटचा एक बल्ब आणि मोटारीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, या तिघांचे बूड सारखेच असू शकते. तेवढाच व्यास, समोरासमोर दोन टाचा, खाली एक टोक. होल्डरमध्ये तिन्ही सारखेच बसतात, तिन्ही पेटतात. कापडवाल्याच्या भाषेत सांगायचे तर पन्ना तोच, पोत निराळा. पन्ना पाहून कापड घेणाऱ्याची जशी फसगत होते, तशीच येथे होते.

हिशेब करून पाहा. पुढचा २१ आणि मागचा १० मिळून ३१ वॅट. भागिले १२, म्हणजे सुमारे २.६ अँपिअर. एकच बल्ब असताना पावणेदोन, दोन्ही बरोबर असताना साडेतीन. फ्लॅशर आपली निर्णयाची रेघ साधारण या दोन्हींच्या मधोमध कोठेतरी ओढतो. म्हणजे २.६ हा आकडा बरोबर काठावर येतो. म्हणूनच तो कधी सावकाश, कधी घाईने चालत होता. फ्लॅशर बदलून फरक पडत नव्हता, कारण नव्या फ्लॅशरनेही तोच हिशेब मांडला. मागे ५ वॅटचा बल्ब असता तर करंट सव्वादोनच्याही खाली गेला असता आणि घाई कायमची झाली असती.

कोणी म्हणेल, दिवा तर लागत होता ना? दिवा लागत होता, पण वॅट निम्मे झाले म्हणून उजेड निम्मा राहत नाही. २१ वॅटच्या प्रमाणित बल्बचा उजेड सुमारे ४६० ल्युमेन धरतात, १० वॅटच्याचा सुमारे १२५. म्हणजे पावाच्या जवळपास. नारिंगी काचेतून, पावसाच्या झडीत, चिखलाचे शिंतोडे उडालेल्या लेन्समागून तो पाव उजेड मागच्या ट्रकच्या ड्रायव्हरला किती दिसणार? तेव्हा फ्लॅशरची तक्रार केवळ कागदोपत्री नव्हती.

उस्तादांनी २१ वॅटचा बल्ब बसवला. मीटर आले ३.२ वर. इंडिकेटर सावकाश चालू लागला आणि ड्रायव्हर पैसे काढू लागला, पण त्यांनी त्याला थांबवले. उजवीकडे साडेतीन आहे, मग डावीकडे तीन दशांश कोठे गेले? फ्लॅशरच्या सॉकेटमध्ये आता त्यांनी मीटरऐवजी तारेचा एक तुकडा बी ते एल असा घातला, म्हणजे दिवे स्थिर पेटून राहिले. मीटर व्होल्टवर लावून एक सळी मागच्या होल्डरच्या पत्र्याला आणि दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला टेकवली. तेथे शून्याच्या जवळ आकडा यायला हवा. आला ०.८ व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले की अर्थ खराब समजावी. होल्डरची अर्थची तार ज्या स्क्रूने बॉडीला लावलेली होती, त्याखाली गंज चढला होता. पॉलिश पेपरने जागा घासून पत्रा चकचकीत केला, स्क्रू नवा घातला, वरून थोडे ग्रीस लावले. मीटर साडेतीनच्या घरात आले.

आपल्याकडे पाऊस भरपूर, त्यातही गडचिरोलीच्या जंगलपट्टीत हवा कित्येक दिवस ओलीच असते. गाड्या नदीकाठच्या चिखलातून जातात, मग घरी आल्यावर पाइपने धुतल्या जातात आणि पाणी लेन्सच्या रबरातून आत शिरते. म्हणून अर्थचा हा दोष आपल्या भागात फार आढळतो. मीटर नसले तरी त्याची एक खूण डोळ्यांना दिसते. रात्री लाइट चालू असताना इंडिकेटर द्यावा आणि मागे जाऊन उभे राहावे. इंडिकेटरच्या ठेक्याबरोबर शेजारचा लाल टेल लाइटही मंद-तेज होत असेल, किंवा लाइट बंद असताना तो इंडिकेटरबरोबर अंधुक लुकलुकत असेल, तर समजावे की करंटला परत जायचा सरळ रस्ता मिळत नाही आणि तो शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो आहे. अशा वेळी बल्ब कितीही बदलले तरी गुण येत नाही.

बल्ब घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. ज्या गाड्यांच्या इंडिकेटरची लेन्स पांढरी, पारदर्शक असते, त्यात बल्बच नारिंगी असतो. त्याच्या दोन टाचा अगदी समोरासमोर नसतात, एक थोडी सरकवलेली असते. ते मुद्दाम केले आहे, म्हणजे कोणी पांढरा बल्ब घालू नये. आपले काही हुशार लोक पांढऱ्या बल्बची टाच कानशीने घासून तो बसवतात. बसतो, पेटतो, वॅटही बरोबर असतात, म्हणून इंडिकेटर घाईही करीत नाही. पण मागच्याला वळणाचा दिवा पांढरा दिसतो. हा दोष कोणताही फ्लॅशर सांगणार नाही, तो नियमाविरुद्ध आहे आणि दिवसा उन्हात तर दिसतही नाही. तसेच ब्रेक आणि टेल यांचा जोड-तारेचा बल्ब वेगळा असतो. त्याच्या टाचा उंच-सखल असतात आणि बुडाला दोन टोके असतात. तो इंडिकेटरच्या होल्डरमध्ये दाबून बसवू नये.

मग फ्लॅशर कधीच खराब होत नाही काय? होतो. त्याची लक्षणे निराळी आहेत. आतले पॉइंट जळून खडबडीत झाले की ते चिकटतात, मग दिवा पेटून तसाच राहतो किंवा लागतच नाही. वेग ठरवणारा कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी अधिक तापतो. कपॅसिटर सुकला की त्याची साठवण घटते, प्रत्येक उघडझाप लवकर संपते आणि वेग वाढतो. मात्र हा वेग दोन्ही बाजूंना वाढतो, हॅझर्डमध्येही वाढतो, आणि बहुधा एका दिवसात नव्हे तर महिन्यांत वाढत जातो. एका बाजूची अचानक घाई आणि दोन्ही बाजूंची हळूहळू वाढलेली घाई, यांतला हा फरक लक्षात ठेवावा. खात्री करायची तर उस्तादांचीच रीत. फ्लॅशर काढून बी ते एल तार जोडावी. दोन्ही बाजूंचे दिवे तेजाने स्थिर पेटले, मीटरवर दोन्हीकडे साडेतीन आले, तर वायर, दांडी, बल्ब सगळे निर्दोष ठरले आणि राहिला तो फ्लॅशर.

नवा घेताना त्यावर छापलेले वाचावे. १२ व्होल्ट, २ गुणिले २१ अधिक ५ वॅट असे काहीसे लिहिलेले असते. ट्रकचा २४ व्होल्टचा फ्लॅशर लहान गाडीला चालत नाही हे बहुतेकांना माहीत आहे. पण ट्रेलरसाठी जास्त दिव्यांचा हिशेब धरून बनवलेला १२ व्होल्टचा फ्लॅशर साध्या गाडीत घातला, तर त्याला सर्व बल्ब नीट असूनही दिवे कमीच वाटू शकतात आणि तो दोन्हीकडे घाई करतो. पाय तेच असले तरी त्यांचा क्रम सर्व कंपन्यांत सारखा असेलच असे नाही, तेव्हा जुना हातात घेऊन जावे आणि अक्षरे ताडून पाहावीत.

आता एलईडीची हौस. बाजारात २१ वॅटच्या जागी बसणारे एलईडी बल्ब मिळतात. ते दोन-तीन वॅटच घेतात. उजेड बरा असतो, पण फ्लॅशरच्या दृष्टीने बल्ब नसल्यासारखाच, म्हणून बसवताक्षणी घाई सुरू होते. यावर दुकानदार दोन उपाय सांगतात. एक म्हणजे एलईडीसाठीचा फ्लॅशर, ज्याला करंट कितीही कमी असला तरी चालतो. तो वापरला की घाई थांबते, पण पुढे दिवा विझला तरी गाडी सांगणार नाही. मग आठवड्यातून एकदा खाली उतरून दिवे पाहण्याची सवय ठेवावी लागते.

दुसरा उपाय एलईडीच्या जोडीला रेझिस्टर लावण्याचा. बहुधा ६ ओहमचा, ५० वॅटचा सोनेरी धातूचा ठोकळा मिळतो. १२ भागिले ६, म्हणजे दोन अँपिअर तो नुसतेच पितो आणि त्याची उष्णता करतो. पेटलेल्या वेळी ती २४ वॅटच्या वर जाते. लहान ठोकळ्यातून इतकी उष्णता निघाली की हात लावणे अशक्य होते. मिस्त्री तो दुहेरी चिकटपट्टीने मागच्या दिव्याच्या प्लास्टिकला किंवा आतल्या अस्तराला चिकटवून देतात. बंद व्हॅनमध्ये नेमके तेथेच आपले कापडाचे गठ्ठे टेकलेले असतात. गाडी रस्त्यात बंद पडून हॅझर्ड अर्धा तास चालू राहिला तर तेथे काय होईल, याचा अंदाज कापडाच्या माणसाला वेगळा सांगायला नको. रेझिस्टर लावायचाच असेल तर तो उघड्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवावा, वायर, प्लास्टिक आणि मालापासून दूर. माझे मत विचाराल तर मालाच्या गाडीत साधा २१ वॅटचा बल्बच बरा. तो स्वस्त आहे, कोठेही मिळतो, आणि गेला की फ्लॅशर त्याची वर्दी देतो.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत वेगळा फ्लॅशर नसतोच. इंडिकेटरचे काम गाडीचा कॉम्प्युटर करतो आणि टकटक हा आवाजही डॅशबोर्डमधून नुसता वाजवला जातो. अशा गाडीत मिस्त्री "रिले बदलतो" म्हणाला तर आधी तो रिले दाखवायला सांगावे, आणि सॉकेटमध्ये तार घालण्याचा वर सांगितलेला प्रयोग अशा गाडीवर करू नये. बल्बचे वॅट आणि होल्डरची अर्थ पाहणे मात्र तेथेही तसेच आहे. आमचा ड्रायव्हर आता गाडीत दोन २१ वॅटचे बल्ब जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवतो, कारण आष्टीच्या पुढे रात्री दुकान उघडे सापडेल याचा भरवसा नाही, आणि सापडले तरी तेथे दुचाकीचेच बल्ब अधिक असतात.